झाकलेला चेहरा खरंच झाकला जातो का?

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका वस्तीत दर शनिवारी मुलांसाठी वाचनालय चालवते. पुस्तकांसाठी मदत करणारी मंडळी अधूनमधून फोटो मागतात, आणि त्यांनी तो मागण्यात काही गैर नाही. गेल्या पावसाळ्यात तिने असाच एक फोटो आधी मला पाठवला. सतरंजीवर पुस्तकं पसरलेली, भोवती नऊ मुलं, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बोट फिरवून केलेला धूसर पट्टा. सोबत निरोप होता, ‘चेहरे झाकलेत. ग्रुपवर टाकू ना?’

मी फोटो मोठा करून पाहिला आणि तिला फोन लावला. ‘डावीकडून तिसरी म्हणजे समोरच्या टपरीवाल्या मावशींची मुलगी ना?’ ती क्षणभर गप्प झाली. त्या मुलीला मी जेमतेम दोनदा पाहिलं होतं. मला ती ओळखू आली, तर तिच्या गल्लीतल्या कुणालाही ती सहज ओळखू आली असती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी तो मूळ फोटो घेऊन बसलो. नेमकं चुकलं कुठे, हे पाहायचं होतं.

तिने व्हॉट्सअ‍ॅपमधलंच साधन वापरलं होतं. फोटो निवडला की पाठवण्याआधी वर पेन्सिलचं चिन्ह दिसतं. त्यावर बोट ठेवलं की रेघेच्या जाडीच्या पर्यायांशेजारी, बहुतेक अँड्रॉइड फोनवर, चौकडीचं एक चिन्ह येतं. ते निवडून बोट फिरवलं की तेवढा भाग धूसर होतो. सिग्नल या अ‍ॅपमध्ये याच्या पुढची सोय आहे. जून 2020 मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर अमेरिकेत निदर्शनं चालू असताना, सिग्नलने आपल्या फोटो-संपादनात Blur faces नावाचं बटण आणलं. मोर्चातल्या माणसाचा फोटो त्याच्यावरच उलटू नये, हा त्यामागचा हेतू. बटण दाबलं की अ‍ॅप स्वतः चेहरे शोधून धूसर करतं. हे काम फोनमध्येच होतं, त्यासाठी फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही.

आम्ही मूळ फोटोवर ते बटण दाबलं. नऊपैकी सहा चेहरे झाकले गेले. उरलेल्या तिघांपैकी एक मुलगा पुस्तकात डोकं घालून बसला होता, एकीची बाजूच दिसत होती आणि एकाने तोंडासमोर हात धरला होता. चेहरा शोधणारी यंत्रणा डोळे, नाक आणि तोंड यांची नेहमीची ठेवण पाहते. ती ठेवण तुटली की तिच्या लेखी तिथे चेहराच नसतो. आपल्या डोळ्यांना मात्र तो चेहरा व्यवस्थित दिसत असतो. म्हणून त्याच पडद्यावर बोटाने धूसर करण्याचीही सोय आहे, आणि ती वापरावीच लागते. बटण दाबून मोकळं होता येत नाही.

पण आमचा मुख्य प्रश्न वेगळा होता. मैत्रिणीने तर प्रत्येक चेहऱ्यावर स्वतः बोट फिरवलं होतं. मग ती मुलगी ओळखू आली कशी?

धूसर करणं म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांचे रंग एकमेकांत मिसळून त्यांची सरासरी काढणं. चौकड्या पाडणं हाही त्यातलाच प्रकार. प्रत्येक चौकोनातल्या सगळ्या ठिपक्यांना एकच सरासरी रंग मिळतो. यात तपशील नक्की कमी होतो, पण पुरेसा कमी होतो का, हे चौकोनाच्या आकारावर नाही, तर चेहऱ्याच्या मानाने चौकोन केवढा आहे यावर ठरतं. समजा चेहरा 200 ठिपके रुंद आहे आणि चौकोन दहा ठिपक्यांचा. म्हणजे चेहऱ्याच्या रुंदीत वीस चौकोन उरले. ते ओळखीच्या माणसाला पुरतात का? 1973 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकन यांचं चित्र आडवे चौदा आणि उभे अठरा, म्हणजे 252 करड्या चौकोनांत मांडून दाखवलं होतं. जवळून पाहिलं की नुसत्या फरश्या दिसतात. चार पावलं मागे सरकलं किंवा डोळे किलकिले केले की लिंकन समोर येतात.

मैत्रिणीला मी हेच करायला सांगितलं. तिने फोन हात लांब करून धरला आणि डोळे बारीक केले. कपाळाचा उतार, केसांची रेषा, हनुवटीखालची सावली, सगळं एकत्र आलं आणि ती मुलगी तिलाही दिसली. तिच्या वेणीची लाल रिबीन आणि एका बाजूला कललेली मान तर धूसर झालीच नव्हती. घरी कुणालाही करता येईल अशी ही चाचणी आहे. फोन लांब धरून, डोळे किलकिले करून माणूस ओळखू आला, तर तो झाकलेला नाही.

यंत्रं याहून पुढे जातात. धूसर केलेले चेहरे पुष्कळ नमुन्यांवरून शिकवलेल्या संगणकाला ओळखता येतात, हे संशोधकांनी 2016 मध्येच दाखवून दिलं आहे. आणि ज्या पद्धतीत काहीच पुसलं जात नाही ती तर झाकणंच नव्हे. 2007 मधलं एक प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाने फोटोंतला स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून इंटरनेटवर टाकला होता. जर्मनीच्या गुन्हे अन्वेषण विभागातल्या तज्ज्ञांनी तो भोवरा उलटा फिरवला, चेहरा परत मिळवला आणि इंटरपोलने तो जगजाहीर केला. थोड्याच दिवसांत तो थायलंडमध्ये सापडला. भोवऱ्यात ठिपके नुसते जागा बदलतात, नाहीसे होत नाहीत. सरासरीत तपशील काही अंशी जातो. पूर्ण जातो तो फक्त वर गडद रंग ओतल्यावर, कारण मग त्या जागी चेहऱ्यातला एकही ठिपका शिल्लक राहत नाही.

म्हणून आम्ही धूसर करणं सोडलं आणि त्याच पेन्सिलमध्ये सर्वांत जाड रेघ निवडली. इथे एक धोका आहे. काही फोनच्या गॅलरीत साध्या पेनशेजारी हायलायटरसारखं पारदर्शक पेन असतं. त्याने चार वेळा काळं फासलं की डोळ्यांना गच्च काळं दिसतं, पण खालचा रंग किंचित उरलेला असतो. फोटोचा उजेड आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवला की तो वर येतो. झाकलेले अक्षर-आकडे असे कितीतरी वेळा वाचले गेले आहेत. आपण काळं केलेला फोटो सेव्ह करावा आणि त्याचा उजेड वाढवून पाहावा. आकार दिसू लागला तर पेन चुकीचं आहे. चेहऱ्यासाठी अपारदर्शक स्टिकरही चालतो. मैत्रिणीला काळे डाग बघवेनात. ‘गुन्हेगार वाटतात गं पोरं,’ ती म्हणाली. आम्ही प्रत्येक चेहऱ्यावर पिवळं सूर्यफूल ठेवलं, कानांसकट आणि केसांसकट झाकेल एवढं मोठं.

मग कातरणं. खरं तर ते आधी करायला हवं होतं, कारण जो भाग फोटोत ठेवायचाच नाही त्यातले चेहरे शोधत बसण्यात अर्थ नसतो. वरच्या कडेला इमारतीच्या नावाची पाटी होती, ती गेली. उजवीकडे काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत दोन मुलांचे चेहरे स्वच्छ उमटले होते. सिग्नलच्या बटणाला ते दिसले नव्हते, मैत्रिणीलाही नाही. ते कपाटही गेलं.

पण कातरलेला भाग खरंच जातो का? मार्च 2023 मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड बुकॅनन यांनी गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या संपादकातला एक दोष उघड केला. स्क्रीनशॉट कातरून सेव्ह केला की छोटं चित्र जुन्याच फाइलवर लिहिलं जाई, पण जुनी फाइल आधी रिकामी केली जात नसे. शंभर पानी वहीत नवा वीस पानी निबंध पहिल्या पानापासून लिहावा आणि जुनी ऐंशी पानं तशीच मागे राहावीत, तसं. त्या शिल्लक पानांतून कातरलेला बराचसा भाग परत मिळवता येत होता. काही दिवसांतच विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले आहेत, मात्र त्याआधी पाठवलेल्या फाइल ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे त्या तशाच आहेत.

यातून रोजच्या वापरात ध्यानात ठेवायची गोष्ट एकच. व्हॉट्सअ‍ॅप किंवा सिग्नलवर ‘फोटो’ म्हणून पाठवलं की अ‍ॅप बदललेल्या चित्राची नवी, दाबून लहान केलेली प्रत तयार करतं. खालचे थर, जुनी पानं, फोटो कुठे काढला त्याची नोंद, हे तिच्यासोबत जात नाही. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की फाइल जशीच्या तशी जाते आणि स्थळाची नोंद असली तर तीही जाते. ‘क्वालिटी चांगली येते’ म्हणून अनेक जण डॉक्युमेंट निवडतात. आयफोनवर शेअर करताना पर्यायांमध्ये All Photos Data चालू ठेवून एअरड्रॉप केलं, तर समोरच्याला बदल मागे घेऊन मूळ फोटो पाहता येतो. वर्डमध्ये कातरलेलं चित्रही असंच. न दिसणारा भाग फाइलमध्ये दडलेला असतो आणि उघडणाऱ्याला तो परत ताणता येतो.

सगळं झाल्यावर आम्ही फोटो आधी तिच्याच दुसऱ्या फोनवर पाठवला आणि तिथे मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिला. तेव्हा एका मुलाच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र दिसलं. नाव वाचता येत नव्हतं, पण शाळेचा रंग आणि बोधचिन्ह येत होतं. अत्याचारग्रस्त मुलांसाठी असलेल्या पॉक्सो कायद्याचं कलम 23 प्रसारमाध्यमांना मुलाचं नाव आणि फोटो छापायला मनाई करतंच, पण पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार हेही उघड करू देत नाही. आमचा फोटो त्या कायद्याखाली येणारा नव्हता. तरी माणूस चेहऱ्याबाहेर कुठेकुठे ओळखू येतो, याची इतकी नेमकी यादी मला दुसरीकडे सापडलेली नाही. ओळखपत्रावर दहावं सूर्यफूल बसलं.

मग फोटो ग्रुपवर गेला. पुढच्या महिन्यात मैत्रिणीने फोटो काढताना मुलांच्या मागे जाऊन उभं राहायला सुरुवात केली. त्यात उघडी पुस्तकं दिसतात, त्यावर वाकलेले हात दिसतात आणि झाकावं असं जवळपास काही उरत नाही. तुमच्या फोनमध्येही कुणाच्या तरी मुलांचा असा एखादा फोटो पाठवायचा राहिला असेल. पाठवण्याआधी तो एकदा हात लांब करून, डोळे किलकिले करून नक्की पाहा.