रोख आणि हप्ता: झेडएफएसमधल्या जागेचा हिशेब

डिस्क भरत आली म्हणून कुणी काही टेराबाइटचा जुना स्नॅपशॉट पुसायला घेतो. पुसणं म्हणजे क्षणाचं काम, अशी आपली समजूत. पण सर्व्हर मंदावतो, लिहिणाऱ्यांच्या रांगा लागतात, डिस्कचे दिवे रात्रभर लुकलुकत राहतात. झेडएफएस चालवणाऱ्यांमध्ये ही गोष्ट जुनी आहे आणि तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच ओळ असते: कधीकाळी दिलेलं `dedup=on`.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी 2001 पासून घडवली. जागा वाचवायचे दोन मार्ग तिच्यात आहेत. कॉम्प्रेशन एकाच ब्लॉकच्या आतली पुनरुक्ती काढतं. 2009 मध्ये आलेलं डीडुप्लिकेशन, म्हणजे बोलीतलं डीडुप, दोन ब्लॉक तंतोतंत सारखे असतील तर एकच ठेवतं.

कॉम्प्रेशनचा व्यवहार रोखीचा आहे. ब्लॉक लिहिताना प्रोसेसर थोडा राबतो, वाचताना त्याहून कमी आणि मामला तिथेच मिटतो. यान कोलेट यांची एलझेड4 पद्धत एका कोअरवर सेकंदाला शेकडो मेगाबाइट दाबते. समोर जेपीईजीसारखा आधीच दाबलेला मजकूर आला, तर लवकरच नाद सोडून देते. 128 केबीच्या ब्लॉकमध्ये निदान आठवा हिस्सा वाचत नसेल, तर झेडएफएस तो मुळात होता तसाच ठेवत आली आहे. लॉग किंवा डेटाबेससारखा मजकूर मात्र चांगला दबतो. मग डिस्कवर कमी बाइट जातात आणि लिहिणं उलट वेगवान होतं. मंद डिस्क आणि रिकामा प्रोसेसर, हा सौदा बहुतेक ठिकाणी फायद्याचाच.

डीडुपचा व्यवहार हप्त्याचा. प्रत्येक ब्लॉकचा एसएचए-256 पद्धतीने ठसा काढायचा आणि तो एका तक्त्यात शोधायचा. सापडला तर फक्त मोजणी एकने वाढवायची, नाहीतर नवी नोंद करायची. ठसा काढणं प्रोसेसरला फारसं जड जात नाही. जड जातो तो तक्ता. जुन्या पद्धतीत एका नोंदीला मेमरीत सुमारे 320 बाइट लागतात आणि नोंद प्रत्येक वेगळ्या ब्लॉकची होते, त्याची जुळी प्रत असो वा नसो.

एक हिशेब मांडू. वीस व्हर्च्युअल मशिन्स आहेत, प्रत्येकी 40 जीबी. त्यातले 30 जीबी सगळ्यांत सारखे आणि ब्लॉक 16 केबीचे. एकूण 800 जीबी, पण वेगळा मजकूर 30 अधिक 200, म्हणजे 230 जीबी. त्याचे ब्लॉक होतात सुमारे दीड कोटी आणि तक्ता साडेचार जीबीचा. तेवढी मेमरी देऊन 570 जीबी वाचले, तर सौदा वाईट नाही.

आता 10 टीबी फोटो घ्या, 128 केबीच्या ब्लॉकमध्ये. एकही जुळी प्रत नाही. तरी तक्ता 25 जीबीचा होतो आणि वाचत काहीच नाही.

तक्ता मेमरीत मावला नाही की खरं दुखणं सुरू होतं. ठसे विखुरलेले असतात. शेजारच्या दोन ब्लॉकच्या नोंदी तक्त्यात शेजारी नसतात. त्यामुळे एकेका नोंदीसाठी डिस्कवर वेगळी उडी घ्यावी लागते. फिरत्या डिस्कला सेकंदाला अशा शंभरेक उड्या जमतात. 128 केबीचे शंभर ब्लॉक म्हणजे सेकंदाला जेमतेम साडेबारा एमबी. 16 केबीच्या ब्लॉकला दीड एमबीच्या आसपास. पुसतानाही तेच, कारण प्रत्येक ब्लॉकची मोजणी एकने उतरवावी लागते. सुरुवातीचा सर्व्हर इथेच अडकला होता. `dedup=off` केलं तरी सुटका नाही. त्याने नवी उधारी थांबते, जुन्या ब्लॉकचा हप्ता ते पुसले जाईपर्यंत चालूच राहतो.

म्हणून आधी अंदाज घ्यावा:

```
zdb -S tank
```

ही आज्ञा काही बदलत नाही, पण मोठ्या पूलवर वेळ आणि मेमरी दोन्ही खाते. शेवटच्या ओळीत `dedup` आणि `compress` यांची गुणोत्तरं दिसतात. `dedup` 1.1 च्या आसपास असेल, तर विषय तिथेच संपवावा. डीडुप आधीच चालू असेल, तर `zpool status -D` तक्त्यातल्या नोंदी आणि त्यांचा मेमरीतला आकार दाखवतं.

जानेवारी 2025 मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस 2.3 ने हप्ता हलका केला. तक्त्यातले बदल आधी लॉगमध्ये साठतात आणि मग एकगठ्ठा लिहिले जातात. तक्त्याच्या आकाराला मर्यादा घालता येते. एकदाच दिसलेल्या ब्लॉकच्या जुन्या नोंदी छाटता येतात, म्हणजे फोटोंसारख्या मजकुराचं ओझं तक्त्यावर कायम राहत नाही.

तरी वरच्या वीस मशिन्ससाठी तिसरी वाटही आहे. एक मशीन नीट तयार करून तिचा स्नॅपशॉट घ्यायचा आणि त्यावरून `zfs clone` ने बाकीच्या काढायच्या. ते 30 जीबी पहिल्या दिवसापासून सामाईक असतात आणि त्यासाठी ठशांचा तक्ता लागत नाही. पुढे प्रत्येक मशीनवर वेगवेगळे अपडेट चढले की मात्र नव्या ब्लॉकच्या प्रती वेगळ्या साठू लागतात. त्या वाढीपोटी हप्ता भरायचा की वर्षाकाठी मशिन्स नव्याने काढायच्या, याचं उत्तर `zdb -S` मधला तो `dedup` चा आकडा देतो.