वर्षश्राद्धातली तीन नावं

भाद्रपदाच्या वद्य पक्षात रजेच्या अर्जांमधे एक वाक्य हमखास येतं : "घरी पित्र असल्यामुळे पाल्य शाळेत येऊ शकला नाही." आपण सही करतो आणि अर्ज फाईलला लावतो. पण त्या दिवशी त्या घरात नेमकं काय चालतं ते नीट पाहिलं, तर नातेसंबंधांचा अख्खा पाठ तिथं उलगडलेला सापडतो. पुस्तकातल्या 'आपले कुटुंब' या पाठापेक्षा तो कितीतरी भारी आहे.

आधी शास्त्रातली रीत बघू. वडिलांच्या वर्षश्राद्धात नावं घेतात ती तीनच : वडील, आजोबा, पणजोबा. पिंडही तीनच. आता चौथा पूर्वज नव्हता का? होता. मग तो गेला कुठं? याचं उत्तर सपिंडीकरण नावाच्या विधीत आहे. हा विधी मृत्यूनंतर वर्षानं करायचा, पण आता बहुतेक ठिकाणी बाराव्या दिवशीच उरकतात. नुकत्याच गेलेल्या माणसासाठी एक वेगळा पिंड करतात, त्याचे तीन भाग करतात आणि ते त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत एकेक मिसळतात. इथं तो 'प्रेत' न राहता 'पितर' होतो. नवा माणूस रांगेत आला की रांगेतला सगळ्यात जुना माणूस नामोच्चारातून बाहेर पडतो.

नुसतं सांगून हे डोक्यात बसत नाही, म्हणून माहितीतलं घराणं घेऊ. आपली गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड करत पुढं जाते, तिच्याच वरच्या अंगाला पैठण आहे. तिथले संत एकनाथ. त्यांचे वडील सूर्यनारायण, आजोबा चक्रपाणी, पणजोबा भानुदास. नाथांचे आईवडील त्यांच्या लहानपणीच गेले आणि आजोबांनी त्यांना वाढवलं. चक्रपाणीही गेल्यावर नाथांच्या घरच्या श्राद्धात नावं येणार : सूर्यनारायण, चक्रपाणी, भानुदास. पुढं नाथांनी देह ठेवल्यावर त्यांचा मुलगा हरिपंडित श्राद्धाला बसेल तेव्हा नावं होतील : एकनाथ, सूर्यनारायण, चक्रपाणी. भानुदास यादीतून गेले. विठ्ठलाची मूर्ती विजयनगराहून परत आणली अशी ज्यांची ख्याती, त्यांचंही नाव चौथ्या पिढीत थांबतं. रीत मोठेपणा बघत नाही, पिढी मोजते. (पिढी सरकली म्हणून माणूस परका होत नाही. पिंड देताना हाताला जे अन्न चिकटतं, ते त्याच्या वरच्या तीन पिढ्यांचं मानतात.)

आता फळ्यावर ही तीन नावं लिहा आणि स्वतःला विचारा, यात बाया कुठं आहेत? आहेत, पण आई, आजी, पणजी म्हणून, म्हणजे लग्न करून या घरात आलेल्या. याच घरात जन्मलेली आत्या किंवा बहीण या रांगेत नाही. ती दुसऱ्या घराच्या रांगेत गेली. 'लेक परक्याचं धन' हे आपण तोंडानं म्हणतो, इथं त्याची मांडणीच केलेली दिसते.

पण पक्षपंधरवड्यातलं श्राद्ध वेगळं असतं आणि इथंच बरेच जण घोळ करतात. वर्षश्राद्ध हे मृत्यूच्या महिन्यातल्या तिथीला, एका माणसासाठी. पंधरवड्यातला महालय, ज्याला आपण म्हाळ किंवा नुसतं पित्र म्हणतो, तो त्याच तिथीला पण भाद्रपद वद्यात, आणि तो सगळ्यांसाठी. त्यात यादी एकदम रुंद होते. आईकडचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा येतात. बायको, मुलगा, भाऊ, चुलते, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासू-सासरे येतात. एवढंच नाही, तर गुरू, शिष्य आणि मित्रसुद्धा येतात. तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्या आणि सवाष्ण गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी. म्हणजे वर्षातून एकदा वारसाची अरुंद रेघ सोडून आपल्याला ज्यांचा ज्यांचा आधार झाला त्या सगळ्यांचा हिशेब होतो. तर्पणाच्या शेवटी वस्त्राच्या कोपऱ्यातून पिळलेलं पाणी, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरलं नाही त्यांच्यासाठी असतं.

तिथीबद्दल पालक विचारतात म्हणून सांगते. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, त्यामुळे तारखेनं पाहिलं तर तिथी दरवर्षी साधारण 11 दिवस मागं येते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढं ढकलली जाते. शिवाय श्राद्धाला सूर्योदयाची नाही, दुपारनंतरच्या वेळेची, म्हणजे अपराह्णाची तिथी धरतात. कॅलेंडरच्या चौकटीतला आकडा पाहून केलेलं श्राद्ध म्हणूनच कधी कधी एक दिवस चुकतं.

हे झालं पोथीतलं. आपल्या खेड्यांत बहुतेक घरी भटजी नसतो, पिंडही नसतात. खीर, वडे, कढी, भजी, जमतील तेवढ्या भाज्या होतात. विस्तवावर घास टाकून आगारी दिली जाते, पत्र्यावर किंवा माळवदावर कावळ्याला पान ठेवलं जातं, आणि मग भावकी जेवते. इथं पिंडाचं काम पंगत करते. कोणाला बोलावलं, कोण आलं, कोण मुद्दाम आलं नाही, यावरून भावकीची खरी अवस्था कळते. बांधाच्या भांडणात वर्षभर न बोललेले दोन भाऊ बापाच्या पित्राला शेजारी बसून जेवलेले मी पाहिलेत. अन् "पित्राला सांगितलं नाही" हा राग वर्षानुवर्षं धरलेलाही पाहिलाय.

जेवायला कोण बसवायचं याचीच नाथांची गोष्ट परंपरेनं सांगतात. श्राद्धाचा स्वयंपाक झालेला असताना त्या वासानं रस्त्यावरचे भुकेले लोक थांबले. गावानं अस्पृश्य ठरवलेले. नाथांनी ते अन्न त्यांना वाढलं. ब्राह्मणांनी जेवायला यायचं नाकारलं, तेव्हा पितर स्वतःच पानावर येऊन बसले, असं सांगतात. चमत्कार बाजूला ठेवा. नाथांनी श्राद्ध सोडलं नाही, पंगत मात्र बदलली, एवढं मुलांना दाखवलं तरी पुरे.

आणखी एक दिवस मुलांच्या फार जवळचा आहे : आश्विन शुद्ध प्रतिपदा, म्हणजे घटस्थापना. त्याच दिवशी आजेपाडवा असतो. वडील हयात असलेला मुलगा एरवी श्राद्धाला बसत नाही. पण आईचे वडील गेलेले असतील तर या दिवशी नातू त्यांना पाणी देतो, मामा असला तरीही. पुन्हा नाथांचंच घर घ्या : कवी मुक्तेश्वर हे त्यांच्या मुलीचे पुत्र. मुलाच्या रेघेत जी लेक दिसत नव्हती, तिची जागा इथं तिच्या मुलाच्या ओंजळीत सापडते.

वारसाहक्कातही हीच तीन पिढ्यांची रेघ होती. एकत्र कुटुंबात मुलगा, नातू, पणतू यांना जन्मानं हक्क होता आणि मुलींना तो 2005च्या दुरुस्तीनं मिळाला. जमिनीच्या कागदावर लेक आली, श्राद्धाच्या पाटावर अजून क्वचितच बसते. मुलगा नसलेल्या घरी लेकीनं पाणी दिलेलं माझ्या ओळखीत एकच घर आहे. तिथं म्हातारे चुलते आधी गप्प बसले, मग त्यांनीच तिला तीळ कुठल्या बोटांमधून सोडायचे ते दाखवलं.

वर्गात घ्यायचं असेल तर मी असं करते. मुलांना बापाकडची तीन आणि आईकडची तीन नावं घरून विचारून आणायला सांगते. सक्ती नाही, कारण काही घरांत बाप नुकताच गेलेला असतो आणि काही घरांत त्याचं नाव काढलेलं आईला नको असतं. बापाकडची तीन नावं बहुतेकांना मिळतात. आईच्या आईचं नाव विचारलं की वही कोरी येते. एका मुलीनं मात्र पणजीचं नाव आणलं आणि खाली लिहिलं होतं, "हे नाव आजीला पण आठवत नव्हतं, शेजारच्या म्हातारीनं सांगितलं."