अंगठी अडकली, बोट सुजले : कापण्याआधी काय करावे?

उतारवयातील बहुतेक स्त्रियांच्या आणि अनेक पुरुषांच्या बोटात अशी एखादी अंगठी असते, जी गेली वीस-तीस वर्षे बाहेर निघालेलीच नाही. ती निघत नाही याची कुणाला चिंताही नसते. परंतु गांधीलमाशी डसली, हात मुरगळला, मनगटाचे हाड मोडले किंवा हाताच्या शिरेतून सलाइन देताना हात फुगला, की तीच अंगठी बोटाचा फास बनते. अशा वेळी घरातील माणसे एकतर जोर लावून ओढू लागतात, नाहीतर घाबरून लगेच कापण्याची भाषा करतात. या दोन टोकांच्या मध्ये एक शांत, साधा आणि बहुधा यशस्वी होणारा मार्ग आहे. तो नीट समजून घ्यावा, आणि तो कधी मुळीच वापरू नये हेही जाणून घ्यावे.

अंगठी अडते कुठे, हे आधी पाहू. बोटाच्या मुळाशी, जिथे अंगठी बसते, तिथे बोट तुलनेने बारीक असते. त्यापुढचा मधला सांधा मात्र रुंद असतो आणि संधिवाताने वयोमानानुसार तो अधिकच रुंद होतो. विशीत सहज सरकलेली अंगठी सत्तरीत या सांध्यावर अडते ती यामुळेच. त्यात सूज आली की दुसरे संकट उभे राहते. बोटात रक्त आणणाऱ्या धमन्यांच्या भिंती जाड असतात, त्यामुळे अंगठीचा दाब असूनही त्या रक्त आत पाठवीत राहतात. रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र पातळ भिंतींच्या असल्याने आधी दबतात. रक्त आत येते, पण पुरेसे बाहेर पडत नाही. म्हणून सूज वाढते आणि सूज वाढली की अंगठी आणखी आवळते. हे चक्र काही तासांत बोट निकामी करण्यापर्यंत जाऊ शकते.

म्हणून तेल-साबण हाती घेण्यापूर्वी बोटाच्या टोकाकडे पाहावे. नख दाबून पांढरे करावे आणि सोडावे. साधारण दोन सेकंदांत त्यावर पुन्हा गुलाबी रंग आला पाहिजे. म्हातारपणी किंवा थंडीत थोडा उशीर लागू शकतो, म्हणून शेजारच्या बोटाशी तुलना करावी. टोक निळे, काळपट किंवा पांढरेफटक पडले असेल, गार लागत असेल, त्याला स्पर्श कळत नसेल किंवा नखाचा रंग परतत नसेल, तर घरचे उपाय करण्यात वेळ दवडू नये. तसेच बोटाला खोल जखम असेल, बोटाचेच हाड मोडल्याची शंका असेल किंवा अंगठी कातडीत रुतली असेल, तर दोरा गुंडाळू नये. अशा रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावे.

बोटाचा रंग आणि संवेदना ठीक असतील, तर पुढील क्रमाने जावे. त्याच हातातील इतर अंगठ्या आणि बांगड्या आधी काढाव्यात. रुग्णाला आडवे करून हात उशांवर, छातीच्या पातळीच्या वर, दहा मिनिटे ठेवावा. मध्ये पाच मिनिटे गार पाण्याची घडी ठेवावी. बर्फ थेट कातडीवर लावू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या हाताला बधिरता आहे त्यांना तर गार पाणीच पुरे. एवढ्यानेही अंगठी थोडी सैल झालेली जाणवते.

मग अंगठीच्या पुढे-मागे व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा ओला साबण भरपूर लावावा आणि अंगठी गोल फिरवीत तो खालपर्यंत पोहोचू द्यावा. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. अंगठी सरळ ओढली, की तिच्यापुढे कातडीची घडी गोळा होते आणि ती घडीच पाचर बनून अंगठीला अडवते. म्हणून एका व्यक्तीने अंगठीखालची कातडी तळहाताच्या दिशेने मागे ताणून धरावी आणि दुसऱ्याने अंगठी डावी-उजवीकडे फिरवीत हळूहळू पुढे आणावी. सांध्यापाशी ती किंचित तिरपी करून आधी एक बाजू, मग दुसरी बाजू पार करावी. पाच-सात मिनिटांत जमले नाही तर थांबावे. पुन्हापुन्हा ओढल्याने कातडी सोलते आणि सूज वाढते. म्हणजे आपणच आपले काम अवघड करतो.

यानंतर दोऱ्याचा उपाय. याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : अंगठी मोठी करता येत नाही, म्हणून सांध्यावरची सूज दाबून बोट बारीक करावयाचे. त्यासाठी सुमारे पाऊण मीटर लांबीचा गुळगुळीत, जरा जाडसर दोरा घ्यावा. दात साफ करण्याचा फ्लॉस किंवा अरुंद, गुळगुळीत फीत चालते. घरात वाफ घेण्याच्या यंत्राचा जुना मास्क असेल, तर त्याचे चपटे इलॅस्टिक याहून चांगले, कारण ते कातडीला काचत नाही. बारीक शिलाईचा एकेरी दोरा कातडीत रुततो, सुतळी खरखरीत असते आणि पतंगाच्या मांजाला काचेची धार असते. हे तिन्ही टाळावेत.

दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून, नखाच्या बाजूने तळहाताच्या बाजूकडे सरकवावे. ते जात नसेल तर केसांच्या बोथट पिनेने हळुवार ढकलावे. तळहाताच्या बाजूला सुमारे वितभर टोक मोकळे ठेवावे. आता नखाच्या बाजूचा लांब दोरा अंगठीला अगदी चिकटून बोटाभोवती गुंडाळण्यास आरंभ करावा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून असावा, मध्ये कातडी दिसता कामा नये. ताण एवढाच असावा की बोट दबेल, पण असह्य दुखणार नाही. मधला सांधा पूर्ण ओलांडेपर्यंत वेढे घ्यावेत आणि शेवटचे टोक बोटाने दाबून धरावे. वेढ्यांवर थोडे तेल लावावे. मग तळहाताच्या बाजूचे मोकळे टोक धरून ते नखाच्या दिशेने, बोटाभोवती गोल फिरवीत उलगडत जावे. दोरा सुटत जातो तसतशी अंगठी त्याच्यावरून एकेक वेढा पुढे सरकते. घाई करू नये. सांधा ओलांडला की अंगठी आपोआप सैल होते. गुंडाळल्यापासून चार-पाच मिनिटांत काम झाले नाही, तर सर्व दोरा सोडून बोटाला विश्रांती द्यावी, कारण दोराही रक्त अडवतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहू. घोड नदीकाठच्या एका गावातील बाहत्तर वर्षांच्या आजींना उसाच्या बांधावर गांधीलमाशी हाताच्या पाठीवर डसली. डंखाची सूज पहिले एक-दोन दिवस वाढतच जाते, हे घरच्यांना ठाऊक नव्हते. अनामिकेत दिवंगत यजमानांचे सोन्याचे वळे होते. रात्री तेल लावून ओढाओढ झाली, मग नातवाने शिलाईचा दोरा गुंडाळून पाहिला. सकाळी त्या दवाखान्यात आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, बोट कापा, पण वळं कापू नका.’’ बोटाचे टोक लालसर-जांभळे होते, परंतु नखाचा रंग परतत होता आणि टोचलेले कळत होते. म्हणजे प्रयत्नाला थोडा वेळ होता. नातवाच्या दोऱ्याचे व्रण बोटावर दिसत होते. वेढ्यांमध्ये फटी राहिल्या होत्या आणि सुजलेली कातडी त्या फटींतून वर आली होती. वळे अडले होते ते त्या उंचवट्यांवर. हात दहा मिनिटे वर ठेवला, बोट टोकापासून मुळापर्यंत इलॅस्टिक पट्टीने पाच मिनिटे गुंडाळून सूज मागे ढकलली, मग जाड रेशमी दोऱ्याचे सलग वेढे घेतले. वळे सांध्यापाशी क्षणभर थांबले आणि मग निघाले. खाली साबणाच्या ओलाव्याने कातडी पांढरी पडून एके ठिकाणी सोलली होती. ती स्वच्छ करून पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. अंगठीचा खोलगट ठसा पुढे काही काळ राहिला, तो राहतोच. बोटाचा रंग मात्र लगेच सुधारला.

याच्या उलट उदाहरणही सांगावयास हवे. मधुमेहाने हातांची संवेदना कमी झालेल्या एका गृहस्थांच्या मधल्या बोटात घोड्याच्या नालेची लोखंडी अंगठी होती. दुखत नव्हते म्हणून दोन दिवस कुणी लक्ष दिले नाही. बोटाचे टोक गार आणि काळपट झाले होते. तेथे दोऱ्याचा प्रश्नच नव्हता. अंगठी तत्काळ कापावी लागली. वेदना नाही म्हणजे धोका नाही, असे समजू नये. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, जे पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळले आहेत, ते तक्रार करीत नाहीत. त्यांच्या बोटांकडे आंघोळ घालताना रोज पाहणे हे सांभाळणाऱ्याचेच काम आहे.

कापण्याची वेळ आलीच तर भय बाळगू नये. अंगठी कापण्याच्या उपकरणात एक पातळ पट्टी अंगठीखाली सरकते, ती बोटाचे रक्षण करते आणि वरून लहान दातेरी चकती धातू कापते. सोने मऊ असल्याने काही मिनिटांत कापले जाते. छेद तळहाताच्या बाजूला, खड्यापासून दूर घेतला की सोनार पुढे तो डाग देऊन जोडू शकतो. लोखंड आणि पोलादाला अधिक वेळ लागतो. हे उपकरण प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवर विचारून घ्यावे. बोटाचा रंग चांगला असेल, तर अनुभवी सोनाराचीही मदत होते. घरी मात्र करवत, पक्कड किंवा ग्राइंडर लावू नये. ग्राइंडरने धातू तापतो आणि बोट भाजते.

आजींचे वळे पुढे नातवाने सोनाराकडून एक माप मोठे करून आणले. तुमच्या घरातील ज्या अंगठ्या आज सांध्यावरून साबण लावूनही निघत नाहीत, त्यांच्यासाठी हेच करावे, आणि सूज नसतानाच करावे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने अंगावर सूज येत असेल, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात जड होत असेल, तर अंगठी आधीच काढून ठेवावी. आणि हाताला मार लागला किंवा डंख झाला, की औषध शोधण्यापूर्वी, सूज चढण्यापूर्वी, पहिल्या काही मिनिटांत अंगठी बोटातून काढावी. त्या वेळी ती बहुधा साध्या साबणानेही निघते.