वरून लाली थोडी, आतून दुखणं फार

आषाढात भाताची लावणी चालू असताना पायात काटा मोडणं ही कोकणात बातमी नव्हे. काटा निघतो, हळद भरली जाते, काम पुढे चालू राहतं. फार तर दोन दिवस पाय सुजतो. पण हजारो काट्यांमधला एखादा असा निघतो, की त्याच्या वाटेने आत गेलेले जंतू कातडीखाली पसरतात आणि तिथलं मांस अक्षरशः तासातासाने मरत जातं. डॉक्टर त्याला नेक्रोटायझिंग फॅसायटिस म्हणतात. हा आजार दुर्मीळ आहे, पण झालेल्या दर चार-पाच रुग्णांमधला एक आजही दगावतो. वाचणार कोण आणि दगावणार कोण, हे बरंचसं निदान किती लवकर झालं त्यावर ठरतं.

हा आजार कुठे राहतो ते आधी बघू. कातडीखाली चरबी असते आणि चरबीखाली, स्नायूंना गुंडाळून, फॅशिया नावाचं आवरण. मटण साफ करताना जो पांढुरका चिवट पापुद्रा सुटून येतो, तोच हा. या पापुद्र्याला स्वतःचा रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे तिथे पोचलेल्या जंतूंना अडवायला फारसं कोणी नसतं. ते पापुद्र्याच्या कडेकडेने घोट्यापासून पोटरीकडे, पोटरीकडून मांडीकडे सरकतात. वाटेत कातडीकडे वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. कातडीचं रक्त बंद होतं, पण ती लगेच काळी पडत नाही. त्याला एक-दोन दिवस लागतात. तेवढा वेळ वरची कातडी जवळजवळ धडधाकट दिसते आणि खाली वीतभर भाग मेलेला असतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: जिथे रक्त पोचत नाही तिथे रक्तातून जाणारं औषधही पोचत नाही. म्हणून नुसत्या अँटिबायोटिकने हा आजार थांबत नाही.

आता एक रुग्ण घेऊ. ही कोणी एक व्यक्ती नाही, अशा रुग्णांच्या केसपेपरवर वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून उभी केलेली आहे. नाव शेवंताबाई म्हणू. वय बावन्न, आठ वर्षांचा मधुमेह, गोळ्या आठवण झाली तर. सोमवारी उजव्या टाचेजवळ काटा लागला. मंगळवारी सकाळी पाय सुजला, थंडी वाजली. शेजारणीने धावरं आहे म्हणून सांगितलं. गावातल्या दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन मिळालं, दुपारपुरतं बरं वाटलं. मंगळवारी रात्री साडेआठला मुलाने त्यांना रिक्षात घालून तालुक्याच्या रुग्णालयात आणलं.

पाय बघितला तर घोट्याभोवती हातभर लाली, थोडी सूज. काळं काही नाही, फोड नाही, पू नाही. साधं सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचा जंतुसंसर्ग, म्हणून कोणीही पुढे गेलं असतं. पण मावशी गप्प बसत नव्हत्या. पायावरची चादर सरकली तरी ओरडत होत्या. डॉक्टरांनी लालीच्या बाहेर, चांगल्या दिसणाऱ्या पोटरीवर, चार बोटं वर हलकेच दाबलं.

“तिथे नको डॉक्टर, तिथेच जास्त आहे!”

हे वाक्य निर्णायक आहे. सेल्युलायटिसमध्ये जिथे लाल तिथे दुखतं. फॅशिया सडत असेल तर लालीच्या पलीकडे दुखतं, सूजही लालीच्या पलीकडे असते, आणि दुखणं डोळ्यांना जे दिसतं त्याच्या मानाने अवाढव्य असतं. नाडी ताप नसतानाही ११५-१२० धावते. पुस्तकातली बाकीची लक्षणं, म्हणजे जांभळी पडलेली कातडी, रक्ताळ फोड, दाबल्यावर कातडीखाली होणारी वायूची चुरचुर, ही उशिराची आहेत. रक्ताळ फोड तर चारांतल्या एखाद्याच रुग्णात सापडतात. तापही निम्म्याहून अधिक रुग्णांना नसतो. याहून फसवी गोष्ट म्हणजे दुखणं अचानक कमी होणं. नातेवाईक म्हणतात, उतार पडला. खरं तर तिथल्या नसाही मेलेल्या असतात आणि तो भाग बधिर झालेला असतो. दुखण्याचं इंजेक्शनही हेच करतं: सर्वांत लवकर येणारी आणि सर्वांत भरवशाची खूण तेच पुसून टाकतं.

परिचारिकेने बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली, ८.५०. पायावरची ही रेघ पुढच्या दोन तासांत बरंच सांगते. तोवर रक्त तपासायला गेलं.

रक्ताच्या साध्या तपासण्यांवरून या आजाराचा अंदाज घेण्याची एक पद्धत सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये मांडली. तिला लरिनेक स्कोअर म्हणतात. सहा तपासण्या, एकूण तेरा गुण. शरीरात दाह किती आहे ते सांगणारं सीआरपी १५० किंवा जास्त असेल तर एकदम चार. पांढऱ्या पेशी १५ हजारांच्या वर एक, २५ हजारांच्या वर दोन. हिमोग्लोबिन साडेतेराच्या खाली एक, अकराच्या खाली दोन. सोडियम १३५ च्या खाली दोन. क्रिएटिनिन १.६ च्या वर दोन. साखर १८० च्या वर एक. बेरीज सहा झाली की संशय घ्यायचा, आठ झाली की तो पक्का समजायचा. एक बारीक पण महागात पडणारी जागा इथे आहे. सीआरपीचा हा १५० आकडा एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहे. काही लॅब तो डेसिलिटरमागे देतात, तिथे हाच आकडा १५ असा छापून येतो. एकक न वाचता गुण दिले तर चार गुण जागच्या जागी गळतात.

शेवंताबाईंचा रिपोर्ट आला. सीआरपी १२८, शून्य. पांढऱ्या पेशी १६,८००, एक. हिमोग्लोबिन ११.२, एक. सोडियम १३६, शून्य. क्रिएटिनिन १.१, शून्य. साखर २६४, एक. बेरीज तीन. कागदावर धोका कमी.

या कागदावर विसंबून मावशींना सलाइन लावून सकाळपर्यंत ठेवलं असतं तर काय झालं असतं? सीआरपी आणि सोडियम हे दोन आकडे तेव्हा काठावरच होते. रात्रीत दोन्ही घसरले-चढले असते तर सहा गुण वाढून बेरीज नऊ झाली असती. तोवर रात्र गेली असती आणि आजार कदाचित गुडघ्यापर्यंत पोचला असता. ही भीती काल्पनिक नाही. पुढच्या काळात जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा सहाची मर्यादा धरली तर खऱ्या रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश तिच्यातून निसटतात असं दिसलं. दुसऱ्या बाजूने, आपल्याकडे मधुमेह आणि रक्ताची कमतरता घरोघरी असल्यामुळे दोन-तीन गुण काहीही आजार नसतानाही पडतात. माझं मत स्पष्ट आहे: जास्त आलेला स्कोअर घाई करायला सांगतो, तो ऐकावा. कमी आलेला स्कोअर काहीच सांगत नाही. दुखणं विचित्र असेल तर आकडा बाजूला ठेवावा. एक्स-रेत वायू दिसला नाही, एमआरआयची वेळ उद्याची मिळाली, ही थांबायची कारणंही नव्हेत.

मग खात्री कशी करायची? बोटाने. रात्री साडेदहाला, पेनच्या रेघेबाहेर लाली दोन बोटं गेलेली पाहून, सर्जननी पोटरीवर भूल देऊन दोन सेंटिमीटरचा छेद घेतला, थेट फॅशियापर्यंत. छेदातून रक्त जवळजवळ आलंच नाही. दाट पूही नाही. भांडी विसळलेल्या पाण्यासारखं गढूळ, पातळ पाणी ओघळलं. सर्जननी बोट आत घालून पुढे ढकललं. निरोगी फॅशिया चरबीला घट्ट धरून असतो, बोटाला वाट देत नाही. इथे बोट विनासायास पुढे सरकत गेलं. निदान झालं.

मुलाची अडचण समजण्यासारखी होती. “वरून तर नुसतं लाल दिसतंय. त्यासाठी एवढा पाय फाडायचा?” सर्जननी त्याला तो छेदच दाखवला. संमतीपत्रावर वेळ आली तर पाय कापावा लागेल हेही लिहून घेतलं. सलाइन, इन्सुलिन आणि अँटिबायोटिक्स चालू झालीच होती. त्यात क्लिंडामायसिन आवर्जून असतं. काही जंतू विष सोडतात, ते विष बनणं हे औषध रोखतं.

शस्त्रक्रियेचा नियम सांगायला सोपा आहे: मेलेलं सगळं काढायचं, आणि कुठे थांबायचं ते ऊतीला विचारायचं. छेद पायाच्या लांबीने घेतात, जिथे लाली संपते तिथे नव्हे तर जिथे फॅशिया पुन्हा बोटाला अडवतो तिथपर्यंत. करडा, निस्तेज पापुद्रा कापून काढतात. कातडीची आणि चरबीची कड लालभडक रक्त देईपर्यंत मागे घेतात. खालचा स्नायू चिमट्याने दाबून बघतात. तो आकसला आणि त्यातून रक्त आलं तर जिवंत, नाही तर तोही काढायचा. रक्तस्राव हीच इथे जिवंतपणाची खूण, म्हणून एरवी पायाच्या शस्त्रक्रियेत वर बांधतात तो पट्टा इथे टाळतात. जखम शिवत नाहीत. हात आखडता घेऊन कातडी वाचवण्याचा मोह सर्वांत घातक असतो, कारण मागे राहिलेली बोटभर सडकी पट्टी सकाळपर्यंत वीतभर होते. बेजिंगमध्ये काम करणाऱ्या फ्रँक मेलेनी या सर्जनने १९२४ मध्ये अशा वीस रुग्णांची नोंद छापली. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, तरी लवकर आणि मोकळेपणाने छेद घेतल्यामुळे त्याचे बहुतेक रुग्ण वाचले.

काढलेल्या ऊतीचा एक तुकडा जंतूंच्या तपासणीला साध्या निर्जंतुक बाटलीत जातो, दुसरा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फॉर्मालिनमध्ये. धांदलीत दोन्ही फॉर्मालिनमध्ये पडले तर जंतू मरतात, रिपोर्ट कोरा येतो आणि पुढचे दहा दिवस औषध अंदाजाने द्यावं लागतं.

शेवंताबाईंची जखम घोट्यापासून पोटरीच्या मध्यापर्यंत उघडी राहिली. बुधवारी रात्री, चोवीस तासांत, त्यांना पुन्हा टेबलावर घेतलं. तब्येत सुधारलेली असली तरी हे दुसरं बघणं ठरलेलंच असतं, कारण पहिल्या वेळी जिवंत वाटलेल्या कडा नंतर मरतात. बाहेरच्या बाजूला तीन बोटं फॅशिया आणखी काढावा लागला. शुक्रवारी तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा सगळीकडून रक्त आलं, काढण्यासारखं काही नव्हतं. त्याच दिवशी जंतूंचा रिपोर्ट आला आणि तीन अँटिबायोटिक्सची दोन झाली. मग व्हॅक ड्रेसिंग, जखमेवर लाल दाणेदार मांस भरून येण्याची वाट, आणि तिसऱ्या आठवड्यात मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली. पाय राहिला. सांधा सडला असता किंवा पोटरीचे सगळे स्नायू मेले असते, तर जीव वाचवायला तो गुडघ्यावरून काढावा लागला असता, आणि तोही निर्णय पहिल्याच रात्री घ्यावा लागला असता.