नखातील बुरशी : गोळ्या संपल्या तरी नख पिवळे का राहते?

भातखाचरात आणि गोठ्यात वर्षानुवर्षे वावरणाऱ्या अनेकांच्या पायाच्या अंगठ्याचे नख हळूहळू पिवळे पडते, जाड होते आणि कडेने भुसभुशीत होऊन त्याचा भुगा पडू लागतो. दुखत नसल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होते. पुढे उपचार घेतले तरी तीन महिन्यांनंतरही नख तसेच दिसते, म्हणून ते मध्येच सोडले जातात. नखाची रचना आणि बुरशीची वाढ समजून घेतल्यास हा गैरसमज टाळता येतो.

या रोगास बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी कारणीभूत असते. केराटिन हे प्रथिन तिचे खाद्य असून त्वचेचा बाह्य थर आणि नख दोन्ही त्याचेच बनलेले असतात. तिचा प्रवेश सहसा थेट नखात होत नाही. पावसाळ्यात पाय सतत ओले राहून बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढरी पडते, सोलते व खाजते. या तक्रारीला सरसकट ‘चिखल्या’ म्हटले जाते. मात्र त्यांपैकी अनेकांत हीच बुरशी असते. तेथून ती नखाच्या मोकळ्या टोकाखाली शिरते. गमबुटाच्या दाबाने किंवा ठेच लागून नख किंचित उचलले गेले असल्यास तिची वाट सोपी होते. मग ती नखाखालच्या गादीतून मुळाच्या दिशेने सरकते. त्या जागी त्वचेचे थर साचतात, नख वर उचलले जाते आणि त्याचा रंग पिवळसर होतो.

हा रोग रेंगाळण्याचे मुख्य कारण म्हणजे नखाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. त्यात रक्तवाहिन्या नसल्याने शरीराची रोगप्रतिकारक्षमता तेथे फारशी पोहोचत नाही. वरून लावलेले साधे मलमही जाड नख भेदून खालपर्यंत जाऊ शकत नाही. शिवाय बिघडलेले नख दुरुस्त होत नाही; नखमुळातून येणारे नवे नखच त्याची जागा घेते. पानावरील ठिपक्यांच्या रोगात फवारणीनंतर जुने ठिपके पुसले जात नाहीत, यशाची खूण नव्या निरोगी पालवीत दिसते. नखाचेही तसेच आहे.

एक हिशेब पाहू. अंगठ्याचे नख 18 मिलिमीटर लांब आहे आणि ते महिन्याला दीड मिलिमीटर वाढते असे मानू. जूनमध्ये टर्बिनाफिनच्या गोळ्या सुरू झाल्या. पायाच्या नखासाठी प्रौढ व्यक्तीस सामान्यतः रोज 250 मिलिग्रॅम याप्रमाणे 12 आठवडे त्या दिल्या जातात. सप्टेंबरमध्ये गोळ्या संपतील, तेव्हा मुळाशी जेमतेम साडेचार मिलिमीटर स्वच्छ नख आलेले असेल आणि उरलेले पूर्वीसारखेच पिवळे दिसेल. हे अपयश नव्हे, कारण औषध नखात साठून पुढेही काही महिने काम करते. संपूर्ण नख बदलण्यास पुढील जून उजाडेल. वयस्कांत दीड वर्षही लागते. उपचाराच्या आरंभी रोगट भागाच्या सीमेवर कानसीने हलकी खूण करून ठेवावी. खूण पुढे सरकत असताना तिच्यामागचे नख स्वच्छ राहिले, तर औषध लागू पडत आहे. पिवळेपणा खूण ओलांडून मुळाकडे गेल्यास डॉक्टरांना पुन्हा दाखवावे.

जाड आणि पिवळे नख प्रत्येक वेळी बुरशीचेच नसते. जुना मार, घट्ट पादत्राणे किंवा सोरायसिस यांमुळेही तसेच दिसते. म्हणून गोळ्यांपूर्वी नमुना तपासणे इष्ट ठरते. नखाखालचा भुगा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधले जातात. नमुना रोगट व निरोगी भागाच्या सीमेजवळून घ्यावा लागतो. टोकाच्या भुग्यात बुरशी बहुधा मृत असल्याने रोग असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. टर्बिनाफिनपूर्वी यकृताची रक्ततपासणी केली जाते, त्यामुळे या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पिकावरील बुरशीनाशके नखावर लावणे तर सर्वथा टाळावे. ती त्वचेसाठी तपासलेली नसतात.

नख स्वच्छ झाल्यावरही रोग उलटण्याचे प्रमाण मोठे आहे. गळून पडलेल्या त्वचेच्या कणांतील बीजाणू बुटात अनेक महिने तग धरतात. त्यामुळे गमबूट रोज आतून पूर्ण सुकवावेत, मोजे बदलावेत आणि नखकात्री वेगळी ठेवावी. बेचक्यांतील चिखल्यांवर उपचार केल्याशिवाय नखाचा उपचार पूर्ण होत नाही. मधुमेही व्यक्तींनी जाड नख स्वतः खरवडू नये; त्यांच्या बाबतीत लहानशी जखमही चिघळू शकते.