तोरेपुढे पहिल्यांदा

वयाची 13 वर्षे पूर्ण झाली की ज्यू मुलावर धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी येते. हा टप्पा म्हणजे बार मिट्झवा. बहुधा शनिवारी सकाळी सिनेगॉगमध्ये त्याला प्रथमच तोरेपुढे बोलावतात. चर्मपत्राच्या त्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, चालीच्या खुणाही नसतात. म्हणून महिनोन्‌महिने घोकून आलेला मुलगा दर्शकाच्या टोकाने ओळ धरत वाचतो. अर्थ बदलणारी चूक झाली, तर शेजारी उभे असलेले लगेच थांबवतात आणि तो शब्द पुन्हा वाचून घेतात. आजोबा-काकांनाही तोरेपुढे येण्याचा मान मिळतो. मुलाची प्रार्थना संपताच, त्याच्या वागण्याचा भार आता आपल्यावरून उतरला, असे वचन वडील म्हणतात. सनातनी सिनेगॉगमध्ये आई स्त्रियांच्या कक्षातून हे ऐकते. सुधारणावादी पंथात मात्र तीही मुलाबरोबर तोरेपुढे उभी राहते.