सोळा पत्ते आणि एक कोरी जागा

ज्यांच्या घरी यंदा दहावी आहे, त्यांच्या कानावर संध्याकाळी एक पाढा नक्की पडत असेल. 'हायड्रोजन, हेलिअम, लिथिअम, बेरिलिअम, बोरॉन...' विज्ञानाच्या पहिल्या पुस्तकातल्या दुसऱ्या धड्याचा, म्हणजे 'मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण' या धड्याचा, हा पाढा. गंगापूर रोडवर आम्ही दोघी मैत्रिणी संध्याकाळी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. आम्हीही बरीच वर्षं तो पाढा म्हणवूनच घेत होतो. तो का सोडला आणि आता काय करतो, ते आज सांगायचं आहे. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, कारण हे ऐकण्यापेक्षा मांडून पाहण्याचं काम आहे.

झालं असं, की आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीला वीसच्या वीस नावं तोंडपाठ होती. सराव परीक्षेत प्रश्न आला: एका मूलद्रव्याचं इलेक्ट्रॉन संरूपण 2, 8, 2 आहे, तर ते कोणत्या गणात, कोणत्या आवर्तात, आणि त्याच्या क्लोराइडचं रेणुसूत्र काय? तिनं उत्तराच्या जागी वीस नावं ओळीनं लिहून ठेवली. मार्क अर्थातच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. हंगामात ती द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये प्रतवारीचं काम करते, शाळा नववीत सुटलेली. म्हणाली, "ताई, पोरगी रात्री झोपेतसुद्धा ही नावं बडबडती. मग पेपरात कुठं जातात?" चूक मुलीची नव्हती, आमची होती. आम्ही तिला यादी दिली होती. ती यादी अशीच का लागली, हे तिला कधी शोधायलाच दिलं नव्हतं.

मग आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून सोळा पत्ते केले. हायड्रोजन आणि राजवायू, म्हणजे हेलिअम, निऑन, अर्गॉन, मुद्दाम बाजूला ठेवले. अणुअंकही लिहिला नाही, कारण तो लिहिला की शोधायचं काही उरतच नाही. प्रत्येक पत्त्यावर तीनच गोष्टी: नाव, अणुवस्तुमान, आणि क्लोरीन किंवा हायड्रोजनबरोबरच्या एका संयुगाचं रेणुसूत्र. खाली एक ओळ स्वभावाची. उदाहरणार्थ सोडिअमचा पत्ता: '23, NaCl, मऊ धातू, पाण्यात टाकला तर पेट घेतो.' गंधकाचा: '32, H2S, पिवळा, ठिसूळ, अधातू.'

मुलांना एवढंच सांगितलं, की हलक्यापासून जडापर्यंत एका ओळीत लावा आणि रेणुसूत्राकडे बघा. लिथिअम 7, LiCl. बेरिलिअम 9, BeCl2. बोरॉन 11, BCl3. कार्बन 12, CH4. नायट्रोजन 14, NH3. ऑक्सिजन 16, H2O. फ्लुओरिन 19, HF. प्रत्येक अणूनं क्लोरीनचे किंवा हायड्रोजनचे किती अणू धरले ते मोजायचं. एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. पुढे सोडिअम 23, NaCl, म्हणजे पुन्हा एक. मग मॅग्नेशिअम दोन, ॲल्युमिनिअम तीन, सिलिकॉन चार, फॉस्फरस तीन, गंधक दोन, क्लोरीन एक. नंतर पोटॅशिअम एक, कॅल्शिअम दोन. चढ, उतार, पुन्हा चढ, उतार. ही जी मोजली ती संयुजा. हा शब्द आम्ही त्या दिवशी सगळ्यात शेवटी उच्चारला.

इथं एक अडचण येते आणि ती येऊ द्यावी. सारख्या आकड्याचे पत्ते एकाखाली एक ठेवा म्हटलं, की निम्मी मुलं लिथिअम, फ्लुओरिन, सोडिअम, क्लोरीन, पोटॅशिअम असे पाचही 'एक'वाले एकाच गठ्ठ्यात टाकतात. आकडा तर सारखाच आहे! आम्ही काही बोलणार, तेवढ्यात लेकीला न्यायला आलेली ती आई दारातून म्हणाली, "मणी सारख्या मापाचे म्हणून काळी न् हिरवी द्राक्षं एका पेटीत घालत्यात का?" मुलांनी पत्त्यांच्या खालच्या ओळी वाचल्या. लिथिअम, सोडिअम, पोटॅशिअम हे मऊ धातू. फ्लुओरिन आणि क्लोरीन विषारी वायू. एकानं इलेक्ट्रॉन द्यायचा, दुसऱ्यानं घ्यायचा, म्हणून दोघांचा आकडा एक. गठ्ठा फुटला, दोन रांगा झाल्या. एका खुणेवर वर्गीकरण होत नाही, दोन खुणा जुळाव्या लागतात, हे त्या एका वाक्यात आलं. आम्ही एरवी त्यावर अर्धा तास बोललो असतो.

मग ओळ कुठं मोडायची? काहींनी चारवर मोडली, कारण तिथं चढ संपतो. मोडून पाहू दिली. खाली येणारे पत्ते वरच्यांशी जुळेनात, कारण लिथिअमखाली नायट्रोजन आला. एकवरच्या उतारानंतर मोडली, तेव्हा लिथिअमखाली सोडिअम, त्याखाली पोटॅशिअम, आणि बेरिलिअमखाली मॅग्नेशिअम, त्याखाली कॅल्शिअम असे सगळे बरोबर बसले. आडव्या ओळी म्हणजे आवर्त, उभ्या रांगा म्हणजे गण. न्यूलँड्सनं 1865 च्या सुमारास हेच पाहिलं होतं, की आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं. सा रे ग म प ध नी, आणि पुन्हा सा. गाणं शिकणाऱ्या मुलीला हे सांगावंच लागत नाही.

पुढच्या वेळी मुलं यायच्या आत आम्ही सिलिकॉनचा पत्ता लपवला आणि पंधराच दिले. ॲल्युमिनिअमनंतर फॉस्फरस लावला, की फॉस्फरस कार्बनखाली येतो. कार्बनची संयुजा चार, फॉस्फरसची तीन. आकड्यांची चाल बिघडली. त्या मुलीनं फॉस्फरस एक घर पुढं सरकवला आणि मध्ये रिकामी जागा सोडली. आम्ही तिथं कोरा पत्ता ठेवला आणि म्हटलं, यावर काय लिहिशील? डावीकडे 27, उजवीकडे 31, म्हणून वस्तुमान तिनं 29 धरलं. वर कार्बन, म्हणून क्लोरीनबरोबर XCl4. स्वभाव 'डावीकडचा धातू, उजवीकडचा अधातू, हा मधला' असा लिहिला. मग लपवलेला पत्ता काढला: 28, SiCl4, धातुसदृश. तिचा चेहरा आम्हाला अजून आठवतो. यादीत नसलेली गोष्ट तिनं यादीवरून सांगितली होती.

मेंडेलीव्हनं 1869 ची सारणी करताना हेच केलं. जागा जुळेना तिथं त्यानं रिकामं घर ठेवलं. ॲल्युमिनिअमखालच्या घराला नाव दिलं एका-ॲल्युमिनिअम. यातला 'एका' आपल्या संस्कृतमधला एक. अणुवस्तुमान 68 च्या आसपास, घनता 5.9, वितळायला उष्णता फारशी लागणार नाही, असं त्यानं आधीच लिहिलं. 1875 मध्ये फ्रान्समध्ये बॉइसबॉद्राँ यांना गॅलिअम सापडलं. त्यांनी घनता मोजली, ती भरली 4.7. मेंडेलीव्हनं कळवलं, की नमुना शुद्ध नसेल, पुन्हा मोजा. शुद्ध करून मोजली तेव्हा 5.9 आली. ज्यानं ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, त्याचा आकडा खरा ठरला. गॅलिअम जवळजवळ 30 अंशांना वितळतं, म्हणजे नाशिकच्या एप्रिलमध्ये दुपारी ते टेबलावर ठेवलं तर पाणी पाणी होईल.

आता ते बाजूला ठेवलेले राजवायू. हे कुणाशी सहज संयोग पावत नाहीत, म्हणून संयुजा शून्य. एक आणि एक यांच्या मध्ये, उताराच्या शेवटी, त्यांची नवी उभी रांग लागते. मेंडेलीव्हला 1869 मध्ये यांतला एकही हाताशी नव्हता. अर्गॉन मिळाला 1894 मध्ये. (हेलिअमची खूण सूर्यप्रकाशात 1868 च्या ग्रहणात गुंटूरला दिसली होती. आपल्याकडे विजयदुर्गाचं नाव हेलिअमशी जोडतात. लॉकयर तिथं ग्रहण पाहायला आले ते मात्र 1898 मध्ये.)

पत्ते वस्तुमानानं लावत गेलं, की इथं सगळा खेळ अडतो. अर्गॉन 39.9, पोटॅशिअम 39.1. म्हणजे पोटॅशिअम आधी यायला हवा. तसा ठेवला तर पेट घेणारा पोटॅशिअम निऑनखाली बसतो आणि निवांत अर्गॉन सोडिअमखाली जातो. मुलं ओरडतात, "मॅडम, पत्त्यावर चूक आहे!" चूक पत्त्यावर नाही, नियमात आहे. इथं आम्ही घाई करत नाही. एक दिवस तसंच राहू देतो. दुसऱ्या दिवशी पत्त्यांच्या मागे अणुअंक लिहितो, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या. अर्गॉन 18, पोटॅशिअम 19. क्रम आपोआप सुटतो. मोझ्ले यांनी 1913 मध्ये क्ष-किरणांवरून दाखवलं, की मूलद्रव्याचा खरा क्रमांक हाच. आदल्या दिवशी अडलेलं असलं, की मुलं ही ओळ विसरत नाहीत.

मग 2, 8, 2 हा प्रश्न पुन्हा घेतला. कवचं तीन, म्हणून तिसरी ओळ. शेवटच्या कवचात दोन, म्हणून दुसरी रांग, बेरिलिअमच्या खाली. वरचं BeCl2, म्हणून हे XCl2. प्रोटॉन बारा, म्हणजे मॅग्नेशिअम. तिनं हे बोट फिरवून सांगितलं, पाढा न म्हणता.

पाठ काहीच करावं लागत नाही, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. सोडिअमची संज्ञा Na आणि पोटॅशिअमची K का, हे कुठल्याही चालीवरून निघत नाही. ती लॅटिन नावांतून आली, ती लक्षातच ठेवायची. पत्ते हाताळता हाताळता बसतात, एवढंच. शिवाय ही चढ-उताराची चाल कॅल्शिअमपर्यंतच सरळ चालते. पुढे स्कँडिअमपासून लोखंड, तांबं, जस्त असे दहा धातू मध्ये येतात. लोखंड कधी दोन धरतं, कधी तीन. तिथं एका आकड्यावर भागत नाही.

आणि अंदाज कधीकधी साफ चुकतात. अणूचा आकार डावीकडून उजवीकडे वाढेल की घटेल? सगळे म्हणतात वाढेल, इलेक्ट्रॉन वाढतात ना. प्रत्यक्षात लिथिअमपासून फ्लुओरिनपर्यंत अणू लहान होत जातो, कारण नवे इलेक्ट्रॉन त्याच कवचात येतात आणि केंद्रकाची ओढ मात्र वाढते. उभ्या रांगेत खाली गेलं की नवं कवच मिळतं, तिथं तो मोठा होतो. हे आम्ही आधी अंदाज लिहून घेऊन मगच सांगतो.

घरी करायचं असेल तर सोळा पत्त्यांना अर्धा तास पुरतो. रेणुसूत्रं पुस्तकातून बघून लिहा. एखादं चुकलं तर चाल बिघडेल आणि मूल त्यात अडकेल. आम्ही पहिल्यांदा बोरॉनला BCl2 लिहून बसलो होतो.

परवा आमच्या त्या मुलीनं शेवटी हायड्रोजनचा पत्ता मागून घेतला. HCl आहे म्हणून लिथिअमच्या वर ठेवला. मग म्हणाली, हा धातू नाही, वायू आहे, H2 असा जोडीनं राहतो, क्लोरीनसारखाच. म्हणून फ्लुओरिनच्या वर नेला. तिथूनही उचलला. मेंडेलीव्हलाही याची जागा पक्की करता आली नव्हती, असं आम्ही सांगितलं. तिनं तो पत्ता दोन्ही रांगांच्या मधोमध, सारणीच्या बाहेर आडवा ठेवला. तो अजून तिथंच आहे.